'औदुंबर'चा शेवट: मिटतो, टाळतो की मुद्दाम उघडा राहतो?

धागाकर्ता: बालकवींची 'औदुंबर' आठच ओळींची. सात ओळी झरा, गाव, मळे, पायवाट, डोह. आणि आठवीत 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. संपलं. याला शेवट म्हणायचं की कवीने हात झटकले?

काठावरचा: झटकलेच. वाट 'काळ्या डोहाकडे' आणली, काळोख साचवला आणि बोलायची वेळ आली तेव्हा झाड बसवून मोकळे.

यतिभंग: काठावरचा, कवितेने अंगावर घेतलं काय होतं ते आधी बघा ना. शीर्षक झाडाचं आणि झाड येतं थेट शेवटच्या शब्दात. ते देणं फिटलं. कानालाही शेवट कळतो: तिसरीपासून सहावीपर्यंत कडे, पुढे, पडे, डोहाकडे असं एकच यमक घोळतं, मग 'लाटांवर–औदुंबर'वर ते मोडतं. आधी झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो. आठवीत कोणीतरी बसलेलं आहे. रंगांची एवढी रेलचेल, पण या ओळीत एकही रंग नाही. म्हणजे घडण पक्की मिटली आहे. उघडा आहे तो अर्थ: बसलेला खिन्न आहे की विरक्त?

प्रयोग करून बघा. खाली 'तसेच माझे मन' अशा धाटणीची नववी ओळ जोडा. झाड लगेच उपमेपुरतं उरतं आणि सातव्या ओळीतल्या काळिम्याला लावलेलं 'गोड' फुकट जातं. जोडलेली ओळ कविता बिघडवते, तेव्हा अर्थ न सांगता थांबण्याला मी टाळणं नाही, नकार म्हणतो.

शाईचा_डाग: म्हणजे शेवट उघडा ठेवलेला चालतो तर! माझ्या कवितेत मुलगी विचारते, बाबा फोन का उचलत नाहीत? शेवटच्या कडव्यात नुसता पाऊस पडतो. तोही नकारच ना?

यतिभंग: नाही, ती टाळाटाळ. तुमच्या कवितेने प्रश्न तोंडाने विचारलाय, 'औदुंबर'मध्ये कोणी विचारत नाही. शिवाय तो पाऊस उचलून दुसऱ्या कुठल्याही कवितेच्या शेवटी लावता येईल. (पाऊस बिचारा फार राबतो मराठीत.) उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ, पण फोन शेवटच्या ओळीपर्यंत वाजत राहू द्या.

शाईचा_डाग: पाऊस काढला तर कडवंच उरत नाही हो.

यतिभंग: मग आधीच्या कडव्यावर थांबून बघा.

काठावरचा: 'गोड'चं पटलं. बाकी नाही. यमक तर वाढदिवसाच्या कवितेतही मिटतं, त्याने काय सिद्ध होतं? आणि प्रश्न तोंडानेच विचारावा लागतो असं कुठे आहे? हिरव्या कुरणातली पांढरी वाट काळ्या डोहाकडे 'चालली' म्हटलं की कोण चाललंय हे मनात येणारच. त्या वाटेवर अख्ख्या कवितेत माणूस नाही. पाण्यात पाय टाकून बसलेला तोच असेल, तर माझं म्हणणं मागे घेईन. पण ते ठरवायला तुमची नववी ओळ कामाची नाही.