हप्ता तोच, व्याज जास्त: ग्रुपवर बसून लिहिलेलं बँकेचं पत्र

*बी-४०२:* काका, आहात का? गृहकर्जाचं विचारायचं होतं. आज शाखेत जाऊन आले. माझ्या कर्जाला आता ८.०० टक्के लावलेत, डिसेंबरपर्यंत तर ८.२५ होते. वरच्या मजल्यावरच्या ताईंचं कर्ज त्याच बँकेचं, त्यांना ७.५०. साहेब म्हणाले, ५,९०० रुपये कन्व्हर्जन फी भरा, फॉर्मवर सही करा, दर कमी करून देतो. भरू का?

*सी-१०३:* भरू नका. आणि सही तर मुळीच करू नका. आधी मंजुरीपत्र काढा आणि दराच्या परिच्छेदाचा फोटो टाका. कर्ज खात्याचा नंबर झाकून.

*ए-२०१:* काका ३१ वर्षं बँकेत होते, ऐका त्यांचं.

*बी-४०२:* सापडलं. लिहिलंय: "व्याजदर: रेपो दर अधिक २.२५ टक्के मार्जिन. आजचा रेपो ६.५०, आजचा प्रभावी दर ८.७५ टक्के. दर तीन महिन्यांनी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर रोजी रीसेट." कर्ज मार्च २०२४ चं, ४० लाख, २० वर्षं.

*सी-१०३:* बस, यातच सगळं आलं. तुमचा ठरलेला दर ८.७५ नाही आणि ७.५० पण नाही. ठरलंय ते मार्जिन, म्हणजे रेपोच्या वर बँक लावते तो भाग, २.२५. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर. तो बदलेल तसा तुमचा दर बदलणार, मार्जिन तिथेच राहणार. "मला ताईंपेक्षा जास्त दर का" असं पत्रात लिहिलंत तर एका ओळीत उत्तर येईल, की प्रत्येक ग्राहकाचा दर वेगळा. आणि ते उत्तर बरोबरही असेल. सिबिल स्कोअर, कर्जाची रक्कम, घेतल्याची तारीख, यावरून मार्जिन खरोखरच वेगळं असतं. ताईंना पत्रातून बाहेर ठेवा.

*ए-६०४:* पंप आज बंद आहे का? पाणी नाही वर.

*ए-२०१:* १० मिनिटांत चालू होईल. काका, पुढे?

*सी-१०३:* २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो चार वेळा उतरवला. ७ फेब्रुवारीला ६.२५, ९ एप्रिलला ६.००, ६ जूनला ५.५० आणि ५ डिसेंबरला ५.२५. आता हे तुमच्या रीसेटच्या तारखांवर बसवा. १ एप्रिलला फेब्रुवारीची कपात पोचली, म्हणजे ६.२५ अधिक २.२५, दर ८.५०. एप्रिलची कपात १ तारखेनंतरची, म्हणून ती आणि जूनची दोन्ही मिळून १ जुलैला यायला हव्यात: ५.५० अधिक २.२५, ७.७५. ऑक्टोबरला काही बदल नाही. १ जानेवारीला ७.५०. आता उताऱ्यात काय आहे ते वाचा.

*बी-४०२:* एप्रिलपासून ८.५०, जुलैपासून ८.२५, जानेवारीपासून ८.००. म्हणजे एप्रिलपर्यंत बरोबर होतं?

*सी-१०३:* बरोबर होतं. जुलैला गडबड झाली. ८.२५ मधून रेपो ५.५० वजा करा, २.७५ उरतात. जानेवारीत ८.०० वजा ५.२५, पुन्हा २.७५. कपात दिली, पण मार्जिन अर्धा टक्का वाढलं. हे पत्रात अगदी असंच लिहायचं.

*बी-४०२:* पण सहा महिने माझ्या लक्षात कसं आलं नाही? हप्ता तर ३५,३४८ च जातोय, पहिल्यापासून.

*सी-१०३:* म्हणूनच लक्षात आलं नाही. दर उतरला तरी बहुतेक बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. जास्तीचं व्याज हप्त्यात दिसत नाही, मुद्दल कमी फिटतं तिथे दिसतं. उताऱ्यातली जुलैची ओळ पाहा. महिन्याच्या सुरुवातीची बाकी किती, आणि व्याज किती नावे टाकलंय?

*बी-४०२:* बाकी ३९,००,००० (वर काही रुपये). व्याज २६,८१२.

*सी-१०३:* २६,८१२ गुणिले १२, भागिले ३९ लाख, म्हणजे ८.२५ टक्के. ७.७५ ने व्याज २५,१८७ झालं असतं. एका महिन्याचा फरक साधारण १,६२५. एक लक्षात घ्या, काही बँका महिन्याऐवजी दिवसांवर व्याज काढतात. तिथे ३१ दिवसांच्या महिन्यात आकडा थोडा वर जातो आणि माणसाला उगाच वाटतं की दर वाढला. तुमची बँक महिन्यावर काढते, आकडा चोख जुळला.

*ए-२०१:* मग १,६२५ गुणिले ६, ९,७५० मागायचे?

*सी-१०३:* जवळपास, पण नेमके तेवढे नाहीत. दर महिन्याला मुद्दल जेवढं कमी फिटलं, त्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा व्याज लागलं. तो थर धरला तर डिसेंबरअखेर ९,८५० च्या आसपास. पण पत्रात "माझे ९,८५० द्या" असं लिहू नये. आकडा आपला काही रुपयांनी चुकला की त्यावरच वाद घालत बसतात. "१ जुलैपासून फेरगणना करा" असं लिहायचं आणि आपला आकडा अंदाज म्हणून द्यायचा.

*ए-६०४:* पाणी आलं. काका, माझंही असंच झालं होतं, पण माझं पत्र परत आलं. मंजुरीपत्रात बारीक अक्षरात होतं की पगार याच बँकेत जमा होत असेल तर ०.२५ सवलत. नोकरी बदलली, पगार दुसरीकडे गेला, सवलत गेली. चूक माझीच निघाली.

*सी-१०३:* हे चांगलं सांगितलंत. बी-४०२, तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर अशी काही अट आहे का? पगार खातं, विमा, काहीही. आणि दुसरं, एखादा हप्ता चुकला होता का?

*बी-४०२:* चारही पानं वाचली. सवलतीची अट नाही. हप्ता एकदाही चुकलेला नाही.

*सी-१०३:* मग तुमची बाजू पक्की. रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेल्या कर्जात बँक मार्जिनमधला आपल्या खर्चाचा भाग तीन वर्षांच्या आत वाढवू शकत नाही. उरतो जोखमीचा भाग. तो वाढवायचा तर कर्जदाराची पत लक्षणीय बिघडलेली असायला हवी आणि तसं करारात लिहिलेलं असायला हवं. तुमच्या कर्जाला अजून दोन वर्षंही झाली नाहीत.

*डी-३०२:* माझं २०१७ चं कर्ज आहे, ९.१५ लावतात. मीही हेच पत्र देऊ?

*सी-१०३:* तुमचं बहुधा एमसीएलआरचं असणार, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराचं. तेव्हा रेपोला जोडायची सक्ती नव्हती, ती १ ऑक्टोबर २०१९ पासून आली. तुम्हाला करारापेक्षा जास्त लावत नाहीत, तुमचा करारच महाग आहे. तुमच्यासाठी कन्व्हर्जन फी भरून रेपोवर जाणं हा खरा मार्ग. यांच्यासाठी तोच सापळा आहे. फॉर्मवर सही केली की नवा दर नव्याने मान्य केला असा कागद तयार होतो आणि मागच्या सहा महिन्यांचं विचारायला जागा उरत नाही. स्वतःच्याच दरासाठी ५,९०० द्यायचे!

*बी-४०२:* पत्राचा मसुदा द्याल का?

*सी-१०३:* चहा घेतो आणि टाकतो.

*सी-१०३:* घ्या:

प्रति, शाखा व्यवस्थापक
विषय: गृहकर्ज खाते क्र. ____ : मंजूर मार्जिनपेक्षा जास्त आकारलेले व्याज दुरुस्त करण्याबाबत

महोदय,
दि. __ मार्च २०२४ च्या मंजुरीपत्रातील परिच्छेद __ नुसार माझ्या कर्जाचा व्याजदर "रेपो दर अधिक २.२५ टक्के" असा ठरला आहे. १ एप्रिल २०२५ च्या रीसेटपर्यंत आकारणी त्यानुसार झाली.

१ जुलै २०२५ रोजी रेपो ५.५० टक्के असताना दर ७.७५ टक्के व्हायला हवा होता, ८.२५ टक्के आकारला गेला. १ जानेवारी २०२६ रोजी रेपो ५.२५ टक्के असताना ७.५० टक्के व्हायला हवा होता; ८.०० टक्के आकारला गेला. दोन्ही वेळा मार्जिन २.७५ टक्के धरलेले दिसते. मार्जिन बदलल्याची कोणतीही सूचना मला मिळालेली नाही, मी तशी संमती दिलेली नाही आणि माझा एकही हप्ता थकलेला नाही.

कृपया (१) मार्जिन २.२५ टक्के करावे, (२) १ जुलै २०२५ पासून खात्याची फेरगणना करून जादा व्याज त्या त्या तारखेपासून मुद्दलात जमा करावे. माझ्या हिशेबाने ही रक्कम डिसेंबरअखेर अंदाजे ९,८५० रुपये होते, (३) दुरुस्त उतारा व परतफेडीचे नवे वेळापत्रक द्यावे. मार्जिन वाढवले असल्यास त्याचा आधार व तारीख लेखी कळवावी.

ही चुकीच्या आकारणीची तक्रार आहे, दर बदलून घेण्याचा अर्ज नाही. त्यामुळे कन्व्हर्जन शुल्क लागू होत नाही.

सोबत: मंजुरीपत्राची प्रत, एप्रिल २०२५ पासूनचा उतारा

*ए-२०१:* शेवटची ओळ कडक आहे.

*सी-१०३:* सगळ्यात कामाची तीच. नाहीतर शाखेतला माणूस हे पत्र कन्व्हर्जनच्या फाइलला लावतो आणि फी नाही भरली म्हणून बंद करतो. "त्या त्या तारखेपासून" हेही खोडू नका. आज एकरकमी जमा केलं तर व्याजावरचं व्याज राहून जातं.

*बी-४०२:* हातात देऊ की मेल करू?

*सी-१०३:* दोन्ही. शाखेत दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर आवक क्रमांक मागा. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारणाच्या मेलवर टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. पण आधी बँकेला लेखी दिल्याचा पुरावा लागतो, म्हणून त्या शिक्क्याला किंमत.

---

*बी-४०२:* काका, १९ दिवसांनी मेल आला. "जुलैच्या रीसेटमध्ये मार्जिन चुकीचे नोंदले गेले होते. १ जानेवारीपासून दर ७.५० करण्यात आला आहे. आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." झालं ना?

*सी-१०३:* अर्धं झालं. चूक कबूल केली, पण जुलै ते डिसेंबरबद्दल एक शब्द नाही. त्याच मेलला उत्तर द्या: "मागणी क्र. २ बाकी आहे, तक्रार बंद करण्यास माझी संमती नाही." त्यांची कबुली खालीच राहू द्या, नवा मेल उघडू नका.

*बी-४०२:* पाठवलं.

*बी-४०२:* आज उताऱ्यात आलं! "व्याज समायोजन, ९,९१६ जमा." आपण तर ९,८५० धरले होते?

*सी-१०३:* डिसेंबरअखेरच्या रकमेवर जानेवारीचं व्याजही दिलंय त्यांनी. बरोबर आहे. आता १ एप्रिलचा रीसेट झाला की ५ तारखेला उतारा काढा, आणि दरातून रेपो वजा करून पाहा. २.२५ उरले पाहिजेत.

*डी-३०२:* काका, माझं मंजुरीपत्र सापडलं. फोटो टाकू?

*सी-१०३:* टाका. नंबर झाकून.