मदत हवी आहे: फीडिंग ब्राचं माप रोज वेगळं येतंय, नक्की कोणतं धरू?

रानजाई
आठव्या महिन्यात ३८ सी च्या चार फीडिंग ब्रा घेऊन ठेवल्या होत्या. आता सगळ्याच त्रास देताहेत. मागचा पट्टा वर चढतो, सकाळी वरून बाहेर येतं आणि दुपारी त्याच कपाला सुरकुत्या पडतात. तीनदा मापलं, तीन वेगळे आकडे आले. ३८ डीडी मागवू का? सेल आज रात्री संपतोय, लवकर सांगा.

खमंग_काकडी
बाळ केवढं आहे ते लिहिलंच नाहीस. मापलं कधी, पाजायच्या आधी की नंतर? पंप वापरतेस का?

चिवचिवाट
डीडी बिडी काही नको. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर बघ. छातीखालचा घेर इंचात जेवढा, तोच पट्ट्याचा नंबर. आपल्याकडे बऱ्याच बायका चुकीचा नंबर घालतात. तू बहुतेक ३२ किंवा ३४ असशील आणि कप बराच मोठा लागेल.

माईसाहेब
दूध कमी पडत असेल तर हळिवाचे लाडू सुरू करा. खीर केली तरी चालते. हळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे.

रानजाई
माई, दूध भरपूर आहे, प्रश्न ब्राचा आहे 🙂
बाळ चार आठवड्यांचं. फक्त अंगावर पाजते, पंप नाही. छातीखाली ८० सेंमी. छातीवरून पहाटे १०२, पाजून झाल्यावर ९७, दुपारी मध्येच कधीतरी ९९. आठव्या महिन्यात छातीखाली ८४ होतं.

शिवणटीप
आता बोलता येईल. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या वेळांचे आहेत. बाळ रात्री जरा जास्त झोपलं की पहाटे स्तन तटतात. पाजून झालं की उतरतात. चौथ्या आठवड्यात हा फरक बराच जाणवतो, कारण सुरुवातीला दूध हार्मोनच्या जोरावर बनतं आणि बाळाच्या गरजेपेक्षा बऱ्याचदा जास्तच बनतं. बाळ किती ओढतं त्या हिशोबाने ते बसायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात. शिवाय पहिल्या आठवड्यात सलाइन आणि सूज यांमुळे आलेला फुगवटा निराळाच. म्हणून त्या आठवड्यातल्या मापावर काही विकत घेऊ नये.

मापायची वेळ म्हणजे दोन पाजण्यांच्या साधारण मधली, दुपारची. पॅड काढून मापा. छातीखाली श्वास सोडल्यावर टेप घट्ट आणि जमिनीला समांतर धरा. पाठीमागे टेप खाली घसरतो, तेव्हा आरशात बघा. छातीवरून मात्र टेप नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. तुमचं दुपारचं ९९ धरा.

आता पट्टा. पोट वाढतं तशा बरगड्या पसरतात आणि बाळंतपणानंतर हळूहळू बसतात. तुमचे ८४ चे ८० झाले ते त्यामुळेच. सेंमीच्या तक्त्यांत ७८ ते ८२ म्हणजे ३६ आणि ८३ ते ८७ म्हणजे ३८. म्हणजे ३८ चा पट्टा आता सैल आहे. तो मागे वर चढला की पुढचा कप खाली झुकतो आणि वरून बाहेर येतं. हे बघून कप लहान आहे असं वाटतं, पण मूळ दुखणं पट्ट्यात आहे. ९९ वजा ८० म्हणजे १९. त्याच तक्त्यात १८ ते २० म्हणजे डी. ३६ डी घ्या. गंमत म्हणजे ३८ सी आणि ३६ डी यांच्या कपात मावतं जवळपास सारखंच, बदलतो तो पट्टा. ३८ डीडी घेतलीत तर पट्टा तसाच वर चढेल आणि कपाला दुपारी आणखी सुरकुत्या पडतील.

चिवचिवाट
८० सेंमी म्हणजे साडेएकतीस इंच. मग ३२ च ना! ३६ कुठून आलं? घेरात चार इंच मिळवून पट्ट्याचा नंबर काढायचं ते जुनं खूळ आहे.

शिवणटीप
खूळ असेल, पण लेबलवर तेच छापलेलं असतं. तुमचा कॅल्क्युलेटर घेराच्या इंचांवरून थेट ३२ देतो. इथल्या बऱ्याच तक्त्यांत ३२ म्हणजे ६८ ते ७२ सेंमी घेर. ८० च्या घेराला ती लावली तर शेवटचा हुक लागला तरी पट्टा रुतेल. पाजणाऱ्या बाईला ते चालत नाही. एकाच जागी सतत दाब राहिला की तिथे दूध अडून गाठ येऊ शकते. नंबर विसरा आणि त्या कंपनीच्या तक्त्यात सेंमी बघून घ्या.

चिवचिवाट
मला मात्र कॅल्क्युलेटरच्या नंबरने नीट बसली. प्रत्येकीचं वेगळं असेल, बास.

खमंग_काकडी
तू बाहेरच्या कंपनीची घेतली असशील, त्यांचा तक्ता तसाच असतो. दोघींचं भांडण एकाच मापाच्या दोन लेबलांवरून चाललंय.

रानजाई, नवी ब्रा सगळ्यात सैल हुकवर बसायला हवी. पट्टा धुऊन धुऊन सैलावतो, मग आतले हुक कामी येतात. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. आणि सेलच्या नादात चार घेऊ नकोस. आता दोन घे, बाकीच्या आठ-दहा आठवड्यांनी परत मापून.

रानजाई
पण पहाटे १०२ असतं तेव्हा डी कप आवळणार ना? आणि डावी बाजू स्पष्ट मोठी आहे, ते कसं करायचं?

शिवणटीप
पहाटेसाठी डी घालूच नका. रात्री बिनहुकाची, पुढे एकावर एक येणारी, ताणली जाणारी ब्रा घाला. दिवसाचीसुद्धा ताणणाऱ्या कापडाची बघा, जाड साच्याचा कप मापाबरोबर हलत नाही. वायरची सध्या नकोच.

डावी मोठी तर माप डावीचं. उजवीचा खांद्याचा बंद थोडा आखडा, वाटल्यास त्या बाजूला पॅड ठेवा. बहुतेकींच्या दोन बाजूंत फरक असतो.

घरी घालून बघताना क्लिप उघडून कप खाली सोडा. काही ब्रांमध्ये आत कापडाची एक चौकट राहते. तिची कड स्तनावर दबली आणि कडेने मांस फुगून आलं, तर पाजताना तिथेच दाब पडणार. ती परत करा. दिवसभर घातल्यावर उमटलेले वळ अर्ध्या तासात गेले तर ठीक, लाल राहून दुखले तर लहान आहे. दुखरी लाल जागा आणि ताप असं दोन्ही आलं तर डॉक्टरांना दाखवा, पाजणं मात्र थांबवू नका.

माईसाहेब
आमच्या वेळी पदरानेच भागायचं. कापडाने घट्ट बांधून ठेवा, म्हणजे ओघळत नाहीत.

खमंग_काकडी
माई, घट्ट बांधणं नको. दूध तटतं तेव्हा तर मुळीच नको.

गुलमोहर८
माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. अचानक कप रिकामा वाटायला लागलाय. दूध आटलं का?

शिवणटीप
स्तन मऊ पडले एवढ्यावरून दूध आटलं असं धरू नका. या सुमारास ते गरजेपुरतं बनू लागतं, म्हणून तटणं कमी होतं. बाळ दिवसाला सहा-सात नॅपी नीट ओल्या करतंय आणि वजन वाढतंय ना, ते बघा. शंका वाटली तर बाळाच्या डॉक्टरांना विचारा. परत मापायचं असेल तर हीच वेळ. पुढे वरचं खाणं सुरू झालं की पुन्हा बदलेल. पाजणं थांबवल्यावर मात्र लगेच मापू नका, काही आठवडे जाऊ द्या.

रानजाई
३६ डी दोन मागवल्या. पण आधीच्या चारही ३८ सी तशाच पडून आहेत, त्यांचं काय करू? आत घेता येतील का?

शिवणटीप
पट्टा मागे हुकाजवळ चार सेंमी कापून परत शिवता येतो, साधा टेलर करून देतो. कप चालेल, आधी सांगितलं तसं तो जवळपास तेवढाच आहे. पण आधी एकच करून बघा, खांद्याचे बंद मागे फार जवळ आले तर बाकीच्या तशाच ठेवा.