मायग्रेनवाल्यांची प्रवासाची पिशवी: काय, किती आणि कुठे ठेवता?

गोदाकाठ:
लग्नसराई सुरू झाली, म्हणजे मे महिन्यात प्रवास आलाच. नांदेडहून दिवसाच्या तपोवनने मुंबईला जायचं किंवा लातूरहून गाडीने पुण्याला. ज्यांना मायग्रेन आहे त्यांनी आपली पिशवी कशी भरता ते लिहा. गोळ्या कोणत्या हे ज्याचा त्याचा डॉक्टर सांगतो. मला किती घ्यायच्या, कुठे ठेवायच्या आणि कशामुळे घोटाळा होतो, हे हवंय. कहाण्या नकोत, सामान लिहा.

पितळी_डबा:
पिशव्या दोन करा. मोठी बॅग सीटखाली गेली की ती नाहीच असं धरायचं. दुखणं चढल्यावर खाली वाकलं की डोक्यात घण बसतो आणि मळमळ वाढते. म्हणून एक तळहाताएवढी चेनची पाकिटपिशवी कमरेला किंवा गळ्यात. तिची चेन डोळे मिटून उघडता आली पाहिजे. घरी एकदा अंधारात करून बघा.

तपोवन साधारण बारा तासांची, तिच्या हिशोबाने सांगतो. छोट्या पिशवीत डॉक्टरांनी दिलेल्या ट्रिप्टानच्या गोळ्या (सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान वगैरे) दोन, मळमळीच्या दोन, साध्या वेदनाशामक दोन. ट्रिप्टान दोनच का? पहिलीने उतरलेलं दुखणं परत आलं तर निदान दोन तासांनी दुसरी घेता येते. पहिलीने काहीच फरक पडला नसेल, तर त्याच दुखण्यावर दुसरी घेऊन सहसा उपयोग नसतो. परतीच्या आणि गाडी रखडली तर लागणाऱ्या गोळ्या मोठ्या बॅगेत.

पाणी याच पिशवीजवळ, पण लिटरची बाटली नव्हे. ती घरंगळत शेजारच्याच्या पायाशी जाते. पावशेर पाण्याची छोटी बाटली हाताशी ठेवा, मोठीतून ती भरत राहा.

उस्मानाबादी_शेळी:
एक भर घालते. स्ट्रिप कापताना नाव आणि तारीख असलेला भाग टाकू नका. तारीख बहुतेक एकाच टोकाला छापलेली असते आणि कात्री नेमकी तिथेच चालते. सुट्या गोळ्या कागदात बांधल्या तर घामाने आणि घासून भुगा होतो. जिभेवर विरघळणारी गोळी तर फॉइलमधून आधी काढायचीच नाही, ओल्या बोटाला चिकटून तिथेच विरघळते. कोरड्या हाताने फॉइल सोलायचं, दाबून काढायची नाही. ती पाण्याशिवाय घेता येते म्हणून प्रवासात सोयीची, पण जास्त वेगाने लागते असं मात्र नाही.

बालाघाट_१:
आमच्याकडे डोकं दुखायच्या आतच गोळी घ्यायची पद्धत. गाडीत चढायच्या आधी एक ट्रिप्टान टाकली की दिवस निघतो. आणि काळा गॉगल सकाळपासून रात्रीपर्यंत उतरवायचाच नाही.

पितळी_डबा:
भाऊ, अर्धं बरोबर, अर्धं नाही. लवकर घ्यायची हे खरं, पण लवकर म्हणजे दुखणं सुरू होताना, हलकं असताना. डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते तेव्हाही थांबायचं, दुखू लागलं की घ्यायची. काहीच नसताना घेतली तर ती गोळी वाया, आणि महिन्याचे दिवस मोजायचे असतात. ट्रिप्टान महिन्यात दहा दिवसांच्या वर गेली की गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. साध्या वेदनाशामकाला ती हद्द पंधरा दिवसांची. हृदयाचा आजार, पूर्वीचा पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला बीपी असेल तर ट्रिप्टान नकोच. रोज प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टानचा डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रोप्रॅनोलॉलची रोजची गोळीही पिशवीत टाका. ती एकदम बंद करायची नसते आणि प्रवासात हीच विसरली जाते.

उस्मानाबादी_शेळी:
गॉगलचं मी सांगते. बाहेर, प्लॅटफॉर्मवर, दुपारच्या डांबरी रस्त्यावर गडद काच ठीक. डब्यात किंवा घरात दिवसभर लावला तर डोळे अंधाराला सरावतात आणि काढल्यावर साधा उजेडही टोचतो. आत टोपीचा पुढचा छज्जा पुरतो, दुखायला लागलं की डोळ्यांवर पट्टी. रस्त्याने जाताना समोरच्या काचांवरून येणारी तिरीप मोडायला पोलराइज्ड काच बरी. झाडांच्या रांगेतून ऊन लुकलुकतं, तिथे मात्र कुठल्याही काचेपेक्षा डोळे मिटणं चांगलं.

परभणी_जंक्शन:
मनमाडपर्यंत उजव्या बाजूच्या खिडकीला बसा, दुपारचं ऊन डावीकडून येतं.

पितळी_डबा:
दिशा बरोबर. पण डबा कोणत्या तोंडाने लागलाय हे तिकीट काढताना कुठे कळतं? खिडकी सोडून आतली जागा घ्यायची, म्हणजे प्रश्नच मिटला.

लई_ऊन:
आमच्या मामाला गाडी लागते, घाट आला की उलटी. त्यांनी काय न्यावं? लिंबू चालतं का? जाऊलालोय परवाच कन्नडच्या घाटातून.

उस्मानाबादी_शेळी:
दादा, गाडी लागणं वेगळं आणि मायग्रेन वेगळं, तरी मायग्रेनवाल्यांना गाडी जास्त लागते हे खरं. मामांना पुढच्या सीटवर बसवा, मोबाईल बघू देऊ नका. उलटीच्या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा गाडी ते चालवणार असतील तर गोळी नको. चेनची प्लास्टिक पिशवी आणि आत घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद न्या, गळत नाही.

गोदाकाठ:
खाण्याचं कुणी लिहाल का?

जोंधळ्याची_पेंढी:
उपाशी राहिलं की दुखणं येतं, म्हणून दर तीन-चार तासांनी थोडं. दशम्या उत्तम. दुधात भिजवलेल्या पिठाच्या असल्याने मऊ राहतात, पण मे महिन्यात सकाळच्या दशम्या दुपारपर्यंतच संपवा. धपाटे नेऊ नका असं मी म्हणते. लसणाचा वास बंद डब्यात दुखणाऱ्या माणसाला सहन होत नाही, आणि डबा उघडणारा आपण नसलो तरी वास तोच! पुढच्या तासांसाठी फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू दोन-तीन. आल्याची वडी मळमळीत चघळायला बरी.

मुख्य गोष्ट: दुखणं चढलं की पोट जवळजवळ थांबतं. मग गोळी तशीच पडून राहते. म्हणून मळमळीची गोळी आधी, दुखण्याची मागून, असं बरेच डॉक्टर लिहून देतात. वेदनाशामक मात्र रिकाम्या पोटी नको, म्हणून लाडवाचा एक घास.

ओआरएसचं पाकीट मोठं असेल तर एक लिटर पाण्यातच. ग्लासात अर्धं टाकून अंदाजाने केलेलं खारट होतं आणि उलटी होते. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते बघा, छोटी पाकिटंही मिळतात.

बालाघाट_१:
गॉगलचं पटलं. पण मोटारीत गोळ्या पुढच्या कप्प्यात ठेवल्या तर चालतील ना?

पितळी_डबा:
नाही. स्ट्रिपवर पंचवीस किंवा तीस अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. उन्हात उभ्या गाडीचा कप्पा त्याच्या कितीतरी वर जातो. ढाब्यावर उतरलात तर छोटी पिशवी बरोबर घ्या. बर्फाजवळही ठेवू नका, ओल धरते.

परभणी_जंक्शन:
चहाचं कुणी बोललंच नाही. माझ्या मते रोजच्या वेळेला रोजचा कप चुकवू नये, चुकला तर दुखतं. पण स्टेशनागणिक घेतला तरी दुखतं.

जोंधळ्याची_पेंढी:
आमच्या घरी चहाने थांबतं असं म्हणणारे दोघं आणि चहाने सुरू होतं म्हणणारी एक. थर्मासात दुधाचा चहा मात्र मे महिन्यात नकोच, जालन्याच्या पुढे नासतो.