मदत हवी आहे: कॅटानची नियमपुस्तिका मराठीत करताना 'टाका'वर अडलोय

खेळगडी_सांगली:
आई आणि भाचरांसाठी घरच्या कॅटान या पटावरच्या खेळाचे नियम मराठीत लिहितोय. पहिल्याच खेळात घोळ झाला. मी लिहिलं होतं, '७ पडल्यास ७ पेक्षा जास्त पत्ते असलेल्याने निम्मे पत्ते टाकावेत.' आईने रमीसारखे पत्ते मधे उघडे टाकले. वर भाचा म्हणतो, फासे मी टाकले, म्हणजे पत्तेही मीच टाकायचे ना? शिवाय शिलेदाराच्या पत्त्यावर मजकूर मावत नाही. अक्षर बारीक केलं तर उकार खालच्या ओळीत घुसतात.

दुर्वा:
'टाका' काढून 'द्या' करा. प्रश्न मिटला.

जुना_छापखाना:
मिटत नाही हो. 'द्या' वाचून लोक फासे टाकणाऱ्यालाच पत्ते देतील. आपल्याकडे फासे टाकतात, पत्ता टाकतात, रस्ताही टाकतात. 'टाका' फक्त फाशांना ठेवा. पत्ता 'खेळा', रस्ता 'बांधा', आणि इथे 'बँकेत परत ठेवा'. एकदा ठरलं की पुस्तिकाभर तेच.

नियमाखाली लगेच उदाहरण हवं: 'महेशने ७ टाकले. सुमनकडे ९ पत्ते आहेत, ती स्वतः निवडून ४ बँकेत ठेवते, ५ उरतात. महेशकडे ८ आहेत, तोही ४ ठेवतो. आईकडे ७ आहेत, ती काहीच ठेवत नाही. मग महेश लुटारू हलवतो.' ९ मुद्दाम घेतलाय. निम्मे म्हणजे ४ की ५, हा वाद तिथेच संपतो.

आणखी एक. तुम्ही क्रम '१. फासे २. अदलाबदल ३. बांधकाम' असा लिहिला असेल, तर शिलेदार फाशांच्या आधीही खेळता येतो हे कोणाला कळणार नाही. ते क्रमाच्या वर लिहा.

कोकणकडा:
आमच्याकडे लुडोवरच मारामाऱ्या होतात. मराठी कॅटान कुठे विकत मिळेल?

खेळगडी_सांगली:
@कोकणकडा, विकत नाही हो, मी घरापुरतं करतोय.
@जुना_छापखाना, नंतर एकदा आईकडे ८ होते आणि फासेही तिनेच टाकले होते. मला वाटायचं, टाकणारा सुटतो! आता शिलेदाराच्या पत्त्याचं सांगा. सध्या आहे: 'लुटारूला दुसऱ्या षटकोनावर हलवा आणि त्या षटकोनाला लागून ज्या खेळाडूची वस्ती किंवा शहर असेल त्याच्याकडून एक संसाधन पत्ता चोरा.'

जुना_छापखाना:
अक्षर नाही, वाक्य बारीक करा. 'लुटारू हलवा. नव्या जागेच्या एका शेजाऱ्याचा एक पत्ता न बघता ओढा.' शेजारी कोण, ते पुस्तिकेत. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्तच ठेवा, नाहीतर 'लुटारू'मधल्या 'लु'चा उकार कापला जाईल.

दुर्वा:
आणि 'पाळी' लिहू नका, शाळेतली पोरं खिदळतात. 'डाव' लिहा.

जुना_छापखाना:
डाव म्हणजे अख्खा खेळ. 'तुमचा डाव संपला' वाचून आई उठून जाईल.

खेळगडी_सांगली:
भाचरं तर 'चान्स' म्हणतात. तोच छापू का?