मार्कोविट्झ, दोन बँका आणि कल्याणचा फ्लॅट

सॉल्वरभक्त: एक्सेलचा सॉल्वर उघडा, अपेक्षित परतावे आणि शेअर एकत्र किती हलतात त्याचं कोव्हेरियन्स टाका, टार्गेट ११ टक्के आणि बेरीज १०० द्या. कमीत कमी व्हेरियन्सचा पोर्टफोलिओ दोन मिनिटांत हातात. मार्कोविट्झला याच कामासाठी नोबेल मिळालं. तरी लोक अंदाजपंचे फंड घेत बसतात, कीव येते.

जुना_हिशेबनीस: कीव येते म्हणालात म्हणून लिहायला बसलो, नाहीतर पुढे गेलो असतो.

दोन बँकांचे शेअर घ्या. दोघांचा वार्षिक एसडी, म्हणजे परताव्याचा चढउतार, २५ टक्के, कोरिलेशन ०.९५. 'अ'चा अपेक्षित परतावा १२, 'ब'चा १३. जोडीला सरकारी रोख्यांचा गिल्ट फंड: परतावा ७, एसडी ५, बँकांशी कोरिलेशन शून्य. तुमचंच टार्गेट, ११. आता सॉल्वर चालवा. उत्तर येतं: 'ब' १२३ टक्के, गिल्ट ४५ टक्के आणि 'अ' उणे ६७ टक्के. म्हणजे एका बँकेचे शेअर उसने घेऊन विकायचे, म्हणजे शॉर्ट करायचे, आणि तिच्या जवळजवळ जुळ्या बहिणीत पैसे ओतायचे. हे १२ आणि १३ कुठून आणलेत? दोन्ही १२.५ धरा, लगेच दोघींना ३६-३६ मिळतात आणि गिल्टला २७. अर्ध्या टक्क्याने सगळा खेळ उलटतो. गणित बरोबरच आहे हो. तुम्ही दिलेला अंदाज ते छातीठोक खरा धरून चालतं, एवढंच.

नवा_भिडू: साधी गोष्ट आहे, वजनं शून्याच्या वर ठेवा. आपल्याकडे डिलिव्हरीत रात्रभर शॉर्ट ठेवता येतच नाही, फ्युचर्सच्या भानगडीत कोण पडतो!

```
min  w'Σw
μ'w = 11,  1'w = 1,  w >= 0
```

विषय संपला.

जुना_हिशेबनीस: अर्धा संपला. ही अट घातली की 'अ' शून्यावर अडकते, 'ब' ६७ आणि गिल्ट ३३. एसडी १५.८वरून १६.७५ होतो, फार काही बिघडत नाही. जगन्नाथन आणि मा यांनी २००३ मध्येच दाखवलं की ही अट कोव्हेरियन्सच्या फुगलेल्या आकड्यांना आतून दाबल्यासारखं काम करते. ते श्रेय तुम्हाला. पण 'अ' यादीतून का गेली? तुम्ही तिला एक टक्का कमी लिहिलात म्हणून. आकडे अदलाबदल करा, मग 'ब' जाईल.

सॉल्वरभक्त: तो एक टक्का हवेतून नाही आणला. १० वर्षांची सरासरी आहे.

जुना_हिशेबनीस: २५ ला १० च्या वर्गमुळाने भागा. प्रत्येक सरासरीची चूक ८ टक्क्यांच्या आसपास. दोघी एकत्र हलतात म्हणून फरकाची चूक कमी, पण तरी अडीच टक्के. त्यात तुमचा एक टक्का शोधा.

रत्नागिरीकर: मी निफ्टीचे ५० शेअर आणि ३६ महिन्यांचा डेटा घेतला होता. R मधल्या quadprog ने तोंडावर फेकलं: `matrix D in quadratic function is not positive definite!` कुणीतरी सांगितलं, डायगोनलवर चिमूटभर काहीतरी मिळव. मिळवलं, तर जोखीम जवळपास शून्य! बायकोला म्हटलं, आता नोकरी सोडतो.

जुना_हिशेबनीस: सोडली नाहीत ना? ३६ महिन्यांतून त्या मॅट्रिक्सची रँक ३५ च्या वर जात नाही. उरलेल्या दिशांना सॉल्वरला जोखीमच दिसत नाही, तो तिथेच घुसतो. एररने तुम्हाला सावध केलं होतं, तुम्ही तिचं तोंड बंद केलंत.

अण्णा_डोंबिवली: एवढा उपद्व्याप कशाला? माझा कल्याणचा वन-बीएचके १२ वर्षांत एकदाही खाली आला नाही. टाका त्याला सॉल्वरमध्ये.

नवा_भिडू: टाकला तर सॉल्वर सगळे पैसे फ्लॅटमध्येच घालेल, अण्णा. रोजचा भाव लागत नाही म्हणून चढउतार दिसत नाही. शेजारच्याने तीन वर्षांपूर्वी विकला तोच भाव तुम्ही आज धरून बसलाय.

अण्णा_डोंबिवली: शेजाऱ्याचं नाव काढू नका. त्याने घाईत विकला.

रत्नागिरीकर: म्हणजे खाली आला होता.

अण्णा_डोंबिवली: तुमच्या शेअरसारखा रातोरात नाही! आणि दोन वर्षं भाडेकरू नव्हता तो काळ मोजायचाच असेल तर सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेबही मांडा. मांडाल?

नवा_भिडू: मांडतो. परतावा आणखी खाली जाईल.

अण्णा_डोंबिवली: तुम्हा पोरांना घर म्हणजे काय ते कळत नाही.

सॉल्वरभक्त: फ्लॅट बाजूला ठेवा. मग करायचं काय, हिशेबनीस? समान वाटप? त्यासाठी नोबेल कशाला हवं होतं?

जुना_हिशेबनीस: स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांचे मार्कोविट्झनी अर्धे रोख्यांत, अर्धे शेअरमध्ये टाकले होते, त्यांनीच सांगितलंय. मी मात्र सॉल्वर टाकून देत नाही. परताव्याचे अंदाज एकमेकांकडे ओढून घेतो, कोव्हेरियन्सचे टोकाचे आकडेही तसेच आत ओढतो, म्हणजे श्रिंक करतो, मग प्रत्येक परतावा एकेक टक्का हलवून पुन्हा चालवतो. वजनं कोलांटी मारत असतील तर त्या उत्तरावर एक रुपयाही लावत नाही.

सॉल्वरभक्त: म्हणजे शेवटी सॉल्वरच. धन्यवाद, माझंच म्हणणं मान्य केल्याबद्दल.

रत्नागिरीकर: किती श्रिंक करायचं ते कोण ठरवणार? तोही अंदाजच की.

अण्णा_डोंबिवली: मेंटेनन्स महिना २,४०० धरा. लिफ्टचं वेगळं.