सकाळच्या नोट्समधली नो-ट्रेडची अट: कशी लिहायची, आणि लिहायची का

विश्रामबाग, सांगली
निफ्टी फ्युचरमध्ये इंट्राडे करते. पावणेनऊला वहीत चार ओळी लिहिते: आदल्या दिवसाच्या लेव्हल, गॅप, बातमी, नो-ट्रेड. चौथ्या ओळीत रोज 'मार्केट चॉपी असेल तर नाही' एवढंच येतं, आणि साडेनऊपर्यंत सौदा झालेला असतो. ही अट नेमकी कशी लिहायची? एका दिवसाचं पान देते. स्पॉटचा हाय २४,८६०, लो २४,७००, बंद २४,७४०. सकाळी गिफ्ट निफ्टी २४,८७०, म्हणजे गॅप अप १३०. मोठी बातमी नाही. हायच्या वर उघडणार म्हणून घेतलं, ३५ चा स्टॉप उडाला.

पोवई नाका, सातारा
ताई, आधी दुसरी ओळ दुरुस्त करा, घोळ तिथे आहे. गिफ्ट निफ्टी हा फ्युचर आहे आणि तुम्ही त्यातून स्पॉटचा बंद वजा केलात. आदल्या दिवशी साडेतीनला त्याच महिन्याचा निफ्टी फ्युचर कुठे होता ते बघा. समजा २४,८०० ला होता, तर गॅप १३० नाही, ७० आहे. स्पॉट २४,८१० च्या आसपास उघडणार, म्हणजे हायच्या खाली, कालच्या रेंजच्या आतच. तुमचा सगळा बेत उलटला की नाही?

आणि पावणेनऊचा आकडा अंदाजच असतो. प्री-ओपनच्या ऑर्डर ९:०८ पर्यंत बंद होतात, जुळणी झाली की इंडेक्स कुठे उघडणार ते दिसतं. तेव्हा अंदाजावर काट मारून खरा आकडा लिहायचा. ९:१२ पासून ९:१५ पर्यंत तीन मिनिटं हातात असतात, तेवढी पुरतात.

आता चौथी ओळ. 'चॉपी' हे दिवस संपल्यावर कळतं, म्हणून ती अट होत नाही. हो-नाही असं उत्तर ९:१२ ला देता आलं पाहिजे. मी असं लिहितो: 'पुढच्या लेव्हलपर्यंत स्टॉपच्या दुप्पट जागा नसेल तर सौदा नाही.' तुमचा स्टॉप ३५, म्हणजे ७० हवेत. २४,८१० वरून २४,८६० पर्यंत ५०. खरेदी बंद. २४,७४० तुटल्यावर विकायचं म्हटलं तर खाली लोपर्यंत ४०. तेही बंद. पंधरा मिनिटांची कॅन्डल २४,८६० च्या वर बंद झाली तरच वही पुन्हा उघडायची.

बातमीच्या ओळीलाही वेळ जोडा. रिझर्व्ह बँकेचं धोरण १० वाजता येतं. त्या दिवशी 'साडेदहापर्यंत नाही' एवढं लिहिलं की पुरे.

मिरजकर
मला हे पटत नाही. तुमच्याच आकड्यांत २४,८१० ते २४,७४० हा गॅप भरण्याचा सौदा बरोबर ७० चा आहे, आणि तुमची अट त्याकडे बघतही नाही. मी तीन महिने अशी कडक अट पाळली. सौदे निम्म्याने कमी झाले, पण महिन्याचा नफा ज्या दोन-तीन दिवसांत होतो त्यातलेच दिवस हातचे गेले. गॅप भरतोच, हे मी रोज बघतो.

पोवई नाका, सातारा
तो सौदा सुटला हे मान्य, माझी अट तिथे आंधळी आहे. पण 'गॅप भरतोच' नका म्हणू. कालच्या रेंजच्या आत उघडलेला गॅप बऱ्याचदा भरतो. रेंजच्या बाहेर उघडून तिथेच टिकला तर दिवसभर भरत नाही, आणि तिथेच विकणारे अडकतात. शिवाय तुमच्या ७० मधून ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज गेले की दुप्पट राहत नाही. हा सौदा करायचाच तर त्याची वेगळी ओळ लिहा: उघडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांचा लो तुटला तर.

सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये कॅश मार्केटमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांचं नुकसान होतं, आणि वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत ते प्रमाण आणखी मोठं होतं. सौदे निम्मे झाले हा तोटा मी मानत नाही.

मिरजकर
पंधरा मिनिटं थांबलं तर त्या ७० मधले ३० निघून गेलेले असतात. मग स्टॉपही बदलावा लागेल. तुमचा हिशेब इथे बसत नाही.

मार्केट यार्ड
माझं हळदीचं आहे. गोदामात माल आणि वर वायदा विकलेला. मलाही गॅपची ओळ ठेवावी का?

पोवई नाका, सातारा
काका, तुमचा सौदा रात्रभर उभा असतो, मालाच्या बदल्यात विकलेला असतो. गॅप वर गेला तर वायद्यात तोटा, पण गोदामातल्या मालाची किंमतही वाढते. तुम्ही मार्जिनची ओळ ठेवा: किती रुपये वर गेलं तर सकाळी पैसे भरावे लागतील.

विश्रामबाग, सांगली
आत्ताच तपासलं, त्या दिवशी फ्युचरचा बंद २४,७९६ होता. उद्यापासून फ्युचरचा बंद पहिल्या ओळीत. चौथ्या ओळीत 'दुप्पट जागा नाही तर नाही, ९:१२ ला ठरवायचं'. गॅप भरण्याच्या सौद्याचं मात्र मिरजकर दादा म्हणतात ते खोटं वाटत नाही. वीस दिवस तो फक्त कागदावर लिहिते, पंधरा मिनिटं थांबून एक आकडा आणि न थांबता एक, आणि दोन्ही इथे टाकते.