मदत हवी आहे: मिल सर्टिफिकेटमध्ये पास, लॅबमध्ये नापास. १६ एमएम सळई घ्यावी का?

क्यूसी_नवखा: ड्रॉइंगमध्ये एफई ५००डी आहे. मिल सर्टिफिकेट हीट ४४७१ चं: यील्ड ५४२, अल्टिमेट ६४१, एलाँगेशन १८.५ टक्के. लॅबचा रिपोर्ट: यील्ड ५६१, अल्टिमेट ६१२, एलाँगेशन १५.४. दोन्ही ताकदी मर्यादेच्या वर आहेत, तरी सल्लागार माल थांबवा म्हणतात. का?

सळईवाला: यील्ड ५०० च्या वर, अल्टिमेट ५६५ च्या वर. जास्त ताकद म्हणजे चांगलंच की. घ्या.

भूमिती: ताकदीचं बरोबर, पण ५००डी मधला डी ताणक्षमतेसाठी आहे. आयएस १७८६ प्रमाणे अल्टिमेट भागिले यील्ड किमान १.१० हवं आणि एलाँगेशन किमान १६. तुमचं ६१२ भागिले ५६१ म्हणजे १.०९, एलाँगेशनही कमी. साध्या एफई ५०० साठी १.०८ आणि १२ लागतात, तिथे हीच सळई पास झाली असती. यील्ड चढून गुणोत्तर पडलं की मला आधी क्वेंचिंग जास्त झाल्याची शंका येते. बाहेरचा कडक थर जाड झाला की असंच होतं.

क्यूसी_नवखा: लॅबने क्षेत्रफळ २०१ धरलंय. सळईचं वजन मीटरला १.५४ किलो भरलं. त्यामुळे चूक झाली असेल?

भूमिती: चूक आहे, पण ती तुम्हाला वाचवत नाही. १.५४ भागिले ०.००७८५ केलं की १९६ येतं, म्हणजे खरं यील्ड साधारण ५७५, अल्टिमेट ६२७. दोन्ही एकाच क्षेत्रफळाने भागले जातात, म्हणून गुणोत्तर तेच राहतं. खरा प्रश्न वेगळा: नमुना कोणत्या हीटचा? बंडलांचे टॅग पाहा.

वेल्डिंगप्रेमी: आमच्याकडे कार्बन ०.२७ आला होता, वेल्ड तडकले. तुमच्या सर्टिफिकेटमध्ये कार्बन किती?

भूमिती: ५००डी ला कमाल ०.२५ आहे, तेव्हा तोही पाहाच. पण इथला मुद्दा तो नाही.

क्यूसी_नवखा: टॅग पाहिले. १४ बंडलांवर ४४७१, ५ बंडलांवर ४४७८. चलनात दोन्ही हीट आहेत, सर्टिफिकेट मात्र एकाचंच आलंय. नमुना कुठून कापला, रजिस्टरला नोंद नाही.

भूमिती: मग त्या रिपोर्टवरून ४४७१ नापास ठरवता येत नाही आणि पासही नाही. ४४७८ चं सर्टिफिकेट मागवा. दोन्ही हीट वेगळ्या रचा आणि प्रत्येकीतून नव्याने दोन नमुने घ्या. कापायच्या आधी टॅगचा फोटो काढा, हीट नंबर सळईवर रंगाने लिहा. लॅबला गेज लांबी ८० मिमी आणि वजनावरून काढलेलं क्षेत्रफळ रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. सळई जबड्याजवळ तुटली का, तेही विचारा; तसं झालं तर एलाँगेशन कमी दिसतं. दोन्ही नमुने पास झाल्याशिवाय ती हीट वापरू नका.

क्यूसी_नवखा: करतो. पण एक बंडल सुटलंय, १२ सळयांवर टॅगच नाही.

सळईवाला: रिब्जमधला मार्क पाहा की.

भूमिती: त्यावरून मिल आणि ग्रेड कळते, हीट नाही. त्या १२ बाजूला ठेवा.